गच्चीच्या गळतीचं पान लिहिताना

बाळा,

पप्पांच्या वॉटरप्रूफिंगच्या कामाचं तू लिहून पाठवलेलं पान काल रात्री दोनदा वाचलं, आणि सकाळी चहा घेताना परत एकदा. भाषा चांगलीये तुझी, पण हे पान वाचून इंदिरानगरातल्या एखाद्या काकूंना आपल्या गच्चीला किती खर्च येईल ते कळत नाही, त्यामुळे त्या फोनही करणार नाहीत. "अत्याधुनिक तंत्रज्ञान" आणि "सर्वोत्तम सेवा" ही दोन्ही वाक्यं आधी काढून टाक. शिवाय गच्ची, बाथरूम, टाकी, बेसमेंट सगळं एकाच पानात कोंबलंयस. तसं नको, हे पान फक्त गच्चीच्या कोटिंगचं ठेव, बाकीच्यांचं नंतर बघू.

पायऱ्यांपासून सुरुवात कर. तू लिहिलंयस "पाहणी, सफाई, प्रायमर, कोटिंग, टेस्टिंग". हे आपल्या पोरांना कळतं, गिऱ्हाइकाला नाही. त्याला हे सांग की त्या दिवशी त्याच्या घरी काय होणार आणि त्याने काय करायचं. सफाईची पायरी मी अशी लिहिली असती: "पहिल्या दिवशी वायर ब्रशने शेवाळ आणि जुन्या कोटिंगचे पोपडे काढतो, क्रॅक ग्राइंडरने व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरने भरतो. या दिवशी धूळ उडते, गच्चीवरचे कपडे आणि कुंड्या आदल्या रात्री खाली घ्या." वाचणाऱ्याला लगेच समजतं की ही माणसं खरंच गच्चीवर चढलेली आहेत.

गच्चीचा जमिनीचा भाग आणि पॅरापेट जिथे मिळतात तिथे आपण वाटा मारतो, ती पायरी तर तू लिहिलीच नाहीयेस! अरे गळती बऱ्याचदा त्याच कोपऱ्यातून असते, आणि स्वस्तात करणारे नेमकं तेच टाळतात, म्हणून ती वेगळी पायरी कर, कोपरा गोल करून कोटिंग भिंतीवर एक फूट वर चढवतो असं लिही. मग प्रायमर, पहिला कोट, त्यात क्रॅकवर आणि वाट्यावर फायबर मेश, तो वाळला की दुसरा कोट आडव्या हाताने. शेवटी किती दिवस गच्चीवर पाय ठेवायचा नाही ते सांग, आणि पूर्ण वाळल्यावर आउटलेट बंद करून पाणी भरून २४ तास ठेवतो, खालच्या छताला ओल आली का ते तुमच्यासमोर बघतो, हे लिही. हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरात टाकलंस तरी चालेल.

आता दर. तू "३० ते १०० रुपये स्क्वेअर फूट" लिहिलंयस, एवढ्या मोठ्या रेंजचा कुणालाच उपयोग नाही. पप्पांची बिलांची फाईल काढ, गच्चीच्या शेवटच्या १५ कामांचा दर काढ, एखाददुसरं विचित्र काम बाजूला ठेव, उरलं ते खालचं आणि वरचं टोक. समज ४५ ते ६० निघाले. मग तो दर नुसता सोडू नको, एका गच्चीवर पूर्ण लावून दाखव, कारण लोक फक्त गच्चीचा फूट मोजतात आणि आपलं कोटेशन जास्त आलं की फसवल्यासारखं वाटतं त्यांना.

असं लिही: २५ बाय ४० ची गच्ची, म्हणजे १००० स्क्वेअर फूट. चारी बाजूंचा पॅरापेट १३० फूट, त्यावर एक फूट कोटिंग, म्हणजे अजून १३०. एकूण ११३०. ४५ ने ५०,८५० आणि ६० ने ६७,८००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की साधारण ६० हजार ते ८० हजार. जीएसटी धरून आकडा सांग, नाहीतर बिलाच्या दिवशी वाद होतो.

त्याच्या खाली लगेच दर कशाने वर जातो ते दे. जुनं कोटिंग सगळं खरवडायला लागलं, क्रॅक जास्त निघाले, सोलर हीटरच्या आणि टाकीच्या पायांभोवती हाताने काम करायला लागलं, की आपण साठकडे जातो. आणि एक मर्यादा स्पष्ट लिही की गच्चीला उतार नसेल आणि पाणी साचून राहत असेल तर हे अ‍ॅक्रिलिक कोटिंग टिकणार नाही, आधी उतार दुरुस्त करावा लागेल, तो खर्च यात नाही. यामुळे चार फोन कमी येतील, येऊ दे कमी. ती कामं घेतलीस तर दोन पावसाळ्यांत तेच लोक भांडायला येतील.

शंकांची उत्तरं मनाने लिहू नकोस. दोन आठवडे पप्पांच्या फोनपाशी वही घेऊन बस आणि लोक जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत उतरव. "शेजारी २२ रुपयांत करून गेला" हे तर येणारच. त्यावर "आम्ही क्वालिटी देतो" म्हणून भागत नाही. तपासायचं कसं ते शिकव: डब्यावर एका लिटरमध्ये किती फूट होतं ते छापलेलं असतं, ते एका कोटचं आहे की दोन कोटचं ते बघा, तुमच्या ११३० फुटाला किती लिटर लागेल काढा, आणि सीलबंद डबे मोजून घ्या. आमचेही मोजा, असं लिही.

दुसरं, जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की फोन येतात, "आत्ताच्या आत्ता करून द्या". तिथे खरं सांग, ओल्या स्लॅबवर कोटिंग धरत नाही, पावसात फक्त क्रॅक तात्पुरते बंद करता येतात, पूर्ण काम पाऊस उघडल्यावर. तात्पुरत्या कामाचा दर वेगळा छाप.

तिसरं गॅरंटीचं, आणि इथे माझी चूक सांगतो. मी माझ्या पत्रकावर नुसतं "५ वर्षं गॅरंटी" छापलं होतं. सिडकोतल्या एका गिऱ्हाइकाने काम झाल्यावर डिश बसवायला कोटिंगमधून चार बोल्ट मारले, पावसात बेडरूममध्ये धार लागली, आणि पत्रक माझ्यासमोर धरलं. त्यात डिशचं काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं, पदरचे पैसे घालून दुरुस्त करून दिलं. म्हणून तू लिही: कोटिंग सुटलं, फुगलं किंवा त्यातून गळलं तर मोफत दुरुस्ती, पण नंतर भोक पाडलं, स्टँड बसवला, टाकीची पाइपलाइन फुटली किंवा पॅरापेटच्या बाहेरच्या बाजूच्या क्रॅकमधून पाणी आलं तर ते यात नाही. कुठलंही छिद्र पाडायच्या आधी आम्हाला फोन करा, ते आम्ही सील करून देतो.

पान झालं की शेजारच्या एखाद्या काकूंना मोबाईलवर वाचायला दे आणि विचार, "तुमच्या गच्चीला किती लागतील?" मग टेप घेऊन वर जा, मोजून कोटेशन काढ. त्यांचा अंदाज आणि तुझा आकडा लांब असला तर दराचा भाग परत लिहायचा.

बिलांची फाईल सापडली की मला फोटो टाक, रविवारी सकाळी मी घरीच आहे.

तुझा,
काका