दिवाळीच्या पणत्या आणि लाइटच्या माळा ऑनलाइन विकताना माहितीत काय लिहावं?

प्रश्न: मातीच्या पणत्या आणि लाइटची माळ एकत्र सेट म्हणून विकायची आहे. नग, वीज आणि काळजी याबद्दल नेमकं काय लिहू?

उत्तर: पणत्यांचे नग वेगळे आणि माळेतले दिवे वेगळे लिहा. नुसतं ‘50 चा सेट’ लिहिलंत तर 50 पणत्या समजून लोक मागवतात आणि मग परत पाठवतात. समजा सेट असा आहे: ‘मातीच्या साध्या पणत्या 12 नग, तेल-वाती सोबत नाहीत. एलईडी माळ 1 नग, 50 दिवे, दिव्यांचा भाग 5 मीटर, प्लगपर्यंतची वायर 1 मीटर.’ वायरची लांबी वेगळी द्याच, कारण गॅलरीत माळ पुरेल का हे गिऱ्हाईक त्यावरूनच ठरवतं.

वीज कुठून घ्यायची तेही स्पष्ट हवं: घरातला 230 व्होल्टचा प्लग, 5 व्होल्टचं यूएसबी की सेल. सेल असतील तर किती, कोणते आणि सोबत मिळतात का, हेही लिहा. माळेच्या खोक्यावर आयपी20 हा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असेल तर ‘फक्त घरात वापरा’ असं लिहा, कारण त्यात पाण्यापासून संरक्षण नसतं. दिवाळीत अवकाळी सर येऊ शकते.

साधी पणती तेल पिते आणि बुडाशी पाझरते. म्हणून ‘आधी काही तास पाण्यात भिजवून, सुकवून वापरा, खाली ताटली ठेवा’ असं सांगा. रंगवलेली भिजवू नये, रंग सुटतो. आणि ही ओळ ठळक अक्षरांत टाका: ‘पेटत्या पणतीजवळ माळ सोडू नका, गुंडाळी पूर्ण उलगडूनच माळ लावा.’