दोन पाळ्यांमधला अर्धा तास

प्रिय मित्रास,

रक्तदान शिबिराच्या स्वयंसेवक-बैठकीसाठी तू केलेला सूचनेचा मसुदा वाचला. शिबिर 9 ते 2, पहिली पाळी 8 ते 11, दुसरी 11 ते 2, आणि कुठे नेमावे हे न सुचलेली मुले अल्पोपाहाराच्या टेबलावर! तिथेच माझे वाचन थांबले.

चहा-बिस्किटे देणे हे उरल्यासुरल्यांचे काम नव्हे. रक्त देताना दाता आडवा असतो आणि रक्तपेढीचे तंत्रज्ञ त्याच्याजवळ असतात. भोवळ मात्र अनेकदा त्यानंतर, उठून चार पावले चालल्यावर, म्हणजे तुझ्या त्या टेबलापाशी येते. म्हणूनच दात्याला तिथे दहा-पंधरा मिनिटे बसवून ठेवायचे असते. बोलता बोलता तो गप्प झाला, चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला किंवा जांभया सुरू झाल्या, की त्याला तत्काळ आडवे करून पाय उंच करायचे, डॉक्टरांना हाक मारायची आणि तो पूर्ण सावध होईपर्यंत तोंडात पाणी घालायचे नाही. शनिवारी सायंकाळी 6 वाजता बैठकीत हे प्रत्यक्ष करून दाखवायचे आहे. तेव्हा सूचनेत ‘शक्य असल्यास यावे’ असे लिहू नकोस.

आता 11 वाजताचे चित्र बघ. पाच दाते बसले आहेत, पहिल्या पाळीचा मुलगा निघाला आहे आणि दुसरा अजून गाडी लावतो आहे. नुकतेच कोण उठून आले, कोणाच्या हाताच्या पट्टीतून रक्त झिरपत होते, हे सांगणार कोण? म्हणून पहिली पाळी 8 ते 11.30 आणि दुसरी 11 ते 2.30 अशीच हवी. नवा माणूस शेजारी उभा राहिल्याशिवाय जुन्याने जागा सोडायची नाही. त्या अर्ध्या तासात माणसे जास्त होतात, असे मंडळातले लोक मला वर्षानुवर्षे ऐकवत आले आहेत. होऊ देत! शेवटचा दाता दोनला उठला तरी त्याच्याजवळ कोणीतरी असते, एवढे मला पुरते.

बाकीच्या कामांबद्दल थोडक्यात लिहितो. नोंदणीवरच्यांनी अर्ज द्यावा. आरोग्याच्या प्रश्नांची उत्तरे वाचू नयेत. हिमोग्लोबिन 12.5 पेक्षा कमी किंवा वजन 45 किलोपेक्षा कमी असल्यास नकार रक्तपेढीच्या लोकांनीच द्यावा. हजेरीचे ठिकाण ‘मुख्य प्रवेशद्वार’ लिहिलेस, पण तिथे दात्यांची रांग असेल. मागच्या फाटकाशी, पाण्याच्या टाकीजवळ हजेरी ठेव आणि हजेरी घेणाऱ्याचे नाव सूचनेत घाल.

दुरुस्त मसुदा आज रात्रीपर्यंत पाठव. पाळ्यांच्या वेळा तशाच राहिल्या, तर त्यावर माझी सही मिळणार नाही.

तुझा,
काका