तिफण, पाभर आणि रिपर

प्रश्न: "आमच्याकडे तिफण म्हणतात, पुण्याकडचा मित्र पाभर म्हणतो, दोन्ही एकच का? आणि पेरायच्या अवजाराला मराठीत एवढे शब्द आहेत मग रिपरला एकही का नाही? रिपर आणि हार्वेस्टर तरी वेगळे आहेत का?"

एकच समजा. तिफण म्हणजे तीन फण असलेलं, दोन असले की दुफण, चार असले की चौफण. पाभर मात्र फण मोजत नाही, ते त्या अवजाराचंच नाव आहे, त्यामुळे "तीन फणांची पाभर" असंही सर्रास म्हणतात.

शब्द भरपूर आहेत कारण वस्तू जुनी आहे. इंग्लंडात जेथ्रो टलने 1701 च्या सुमारास पेरणी यंत्र केलं असं शाळेत शिकवतात, पण आपल्या सुतारांच्या हातची लाकडी पाभर त्याची वाट बघत बसलेली नव्हती. वर चाडं, त्याला तीन भोकं, तिथून बांबूच्या नळ्या थेट फणात. एक जण बैल हाकणार आणि मागे बहुतेक वेळा घरातली बाई चाड्यावर मूठ धरणार, म्हणजे मुठीतून बी असं सोडायचं की तिन्ही भोकांत सारखं पडेल. ज्वारीला एकरी साधारण चार किलो बी लागतं, तेवढंच बी अख्ख्या एकराला पुरवायचं ही त्या मुठीची किंमत, म्हणूनच "तिचा हात बसलाय" असं कौतुकानं म्हणतात.

बी फोकून न देता ओळीत पेरलं की दोन तासांमधून कोळपं घालता येतं, म्हणजे निम्मीअधिक खुरपणी बैलावर गेली. माझ्या मते पाभरीनं माणसांचं खरं काम इथं वाचवलं, पेरणीत नाही.

आता नळी तुंबली तर काय होतं बघा. वाफसा नसताना पेरलं की फणाच्या तोंडात चिखल बसतो, वर मूठ चालूच असते आणि बी नळीतच साठत राहतं. त्या दिवशी कुणाला कळत नाही, चारपाच दिवसांनी उगवण झाली की शेत सगळं सांगतं. मधली नळी तुंबली असेल तर दर तिसरं तास रिकामं दिसतं. कडेची तुंबली असेल आणि शेजारीशेजारी जाऊन-येऊन पेरलं असेल तर दोन तासं रिकामी, चार भरलेली, परत दोन रिकामी, कारण वळल्यावर तीच नळी दुसऱ्या बाजूला येते. आणि रिकामी जागा अशी कुठंही ठिगळासारखी असेल तर पाभरीला बोल लावू नका, बी नाहीतर पाऊस बघा. मग बसा नांग्या भरत.

ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात चाकावर फिरणारा रोलर बी सोडतो, मूठ गेली, आणि लोखंडी यंत्र वेल्डिंगच्या दुकानातून आलं तसं सुताराचं कामही गेलं. पण शब्द टिकला, आजही लोक त्याला बिनधास्त ट्रॅक्टरची पाभर म्हणतात.

रिपरचं उलटं झालं. तो अमेरिकेत वाढला, सायरस मॅककॉर्मिकने 1831 मध्ये व्हर्जिनियात चालवून दाखवला, त्याच्याबरोबर जो अँडरसन नावाचा गुलाम कारागीर खपत होता हे फार कमी जणांना माहीत असतं. तिकडे जमीन अफाट, गहू एकदम पिकणार आणि कापायला माणूस मिळत नाही, त्यामुळे गरज होती. आपल्याकडे विळा होता, सोंगणीला माणसं होती, आणि ज्वारीत तुरीची तासं. यंत्राला एक पीक कापून दुसरं उभं ठेव असं सांगता येत नाही. शिवाय जनावरांना कडबा अख्खा हवा. वस्तू उशिरा आली, नावासकट आली, आपण ते घेतलं.

आणि हो, रिपर वेगळा, हार्वेस्टर वेगळा. मागून चालवायचा छोटा रिपर फक्त कापतो आणि उजव्या हाताला पीक ओळीनं आडवं टाकतो, कडपे उचलून पेंढ्या बांधायला बाया लागतातच. मॅककॉर्मिकच्या यंत्रामागेही बांधणारे लागायचेच, सुतळीनं आपोआप गाठ मारणारी यंत्रं कितीतरी वर्षांनी आली. म्हणजे रिपरनं विळा घेतला, पेंढी नाही घेतली. हार्वेस्टर कापतो आणि मळतोही, एका फेरीत दाणे बाहेर. त्यात पेंढी, सुडी, खळं सगळंच गेलं, सोंगणीचं गुत्तं घेणाऱ्या टोळ्यांचं गव्हातलं काम आटलं आणि मागे भुसा रानभर पसरलेला. आमच्या शेजारच्यांनी एक वर्ष हार्वेस्टर लावला आणि उन्हाळ्यात म्हशीसाठी भुसा विकत आणला, पुढच्या वर्षी अर्धा गहू परत विळ्यानं सोंगला.

मराठी शब्दच हवा असेल तर "कापणी यंत्र" चालेल, सरकारी पत्रकात तोच असतो. बांधावर मात्र "रिपर सांगितलाय, सकाळी येतोय" असंच ऐकू येईल.