शेवटची स्लाइड आणि पुढच्या भागाची दुसरी स्लाइड एकाच पानावर लिहा

प्रश्न: आमचं घरगुती कोकणी मालाचं छोटं पेज आहे इन्स्टावर. कॅरोसेलची चार-पाच भागांची सिरीज करायचीये. मागच्या वेळी भाग १ चालला आणि भाग २ ला कोणी फिरकलंच नाही. रिकॅप कुठे आणि किती द्यायचा? आणि शेवटी 'पुढचा भाग लवकरच' याशिवाय काय लिहायचं?

मी वेंगुर्ल्याकडची, आमच्या घरचा कोकमाचा धंदा आहे आणि पेज मी बघते, त्यामुळे हे सगळं करून आणि तोंडावर आपटून झालंय. आमची पहिली सिरीज रातांब्यावर, म्हणजे कोकमाच्या फळावर होती, प्रत्येक भागाच्या कव्हरवर हे मोठ्ठं 'भाग २', 'भाग ३' आणि दुसऱ्या स्लाइडवर 'मागच्या भागात आपण पाहिलं की' करून पाच ओळी. आता वाटतं की बरोबर इथेच लोक पळाले असणार. ज्याने भाग १ बघितलाच नाही त्याला 'भाग ३' वाचून वाटतं की हे आपल्यासाठी नाहीये, आणि इन्स्टा काही भाग क्रमाने दाखवत नाही, कोणाला तिसरा आधी दिसतो आणि पहिला कधीच नाही.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. एखाद्याने तुमची पहिली स्लाइड बघून न सरकवता पुढे स्क्रोल केलं, तर इन्स्टा तीच पोस्ट त्याला नंतर कधीकधी दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. म्हणजे दुसरी स्लाइड हे तुमचं दुसरं कव्हर आहे, आणि आपण नेमकं तिथेच ते 'मागच्या भागात' घालून ठेवतो! म्हणून रिकॅप दुसऱ्या स्लाइडवरच द्यायचा, पण तो रिकॅप आहे असं वाटता कामा नये. आजच्या कामासाठी हातात काय असायला हवं तेवढंच सांगायचं, वीसेक शब्दांत.

आमच्या दुसऱ्या खेपेचं उदाहरण देते. चार भाग केले. पहिल्यात रातांबे फोडून साल वेगळी करणं, दुसऱ्यात त्या सालांची सोलं, तिसऱ्यात आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, चौथ्यात बियांचं मुठेल म्हणजे कोकमाचं घट्ट तेल. स्लाइड बनवायच्या आधी वहीत फक्त जोडण्या लिहिल्या, म्हणजे एका पानावर वर भाग १ ची शेवटची स्लाइड आणि खाली भाग २ ची दुसरी, मग पान उलटून २ आणि ३, मग ३ आणि ४. बाकी सगळं नंतर.

पहिल्या पानावर वरती लिहिलं, 'सालं उन्हात पडली. आता दुसऱ्या पातेल्यात उरलेला गर आणि बिया टाकून देणार असाल तर थांबा, सोलांचा काळा रंग त्यातच आहे.' आणि खाली, भाग २ साठी, 'सालं वाळतायत, गर-बिया मीठ घालून ठेवलेत आणि त्याला रस सुटलाय. आज याच रसाची पुटं द्यायचीत.' बघा, वरच्या स्लाइडने जे भांडं दाखवलं तेच खालच्या स्लाइडने उचललं. ज्याने भाग १ बघितला नाही त्यालाही कळतं की कुठे आहोत, आणि बघितलाय त्याला पुन्हा तेच वाचल्यासारखं वाटत नाही. साल नुसती वाळवली तर ती तपकिरी आणि पातळ राहते, पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवली की जाड, काळपट होते, हे दोन फोटो शेजारी ठेवले तेच भाग २ चं कव्हर. 'भाग २' वर कोपऱ्यात बारीक.

हुकबाबत, म्हणजे शेवटी पुढच्या भागाची ओढ लावणाऱ्या ओळीबाबत, लोक एक चूक हमखास करतात, या भागात द्यायचं वचन दिलेलं असतं तेच कापून पुढच्या भागात ढकलतात. 'सोलं कशी करायची' म्हणून बोलावलं आणि शेवटी 'मीठ किती ते पुढच्या भागात'! माणूस चिडतो ओ. या भागाचं काम पुरं करायचं आणि त्या कामातूनच जे नवीन काही उरतं तिकडे बोट दाखवायचं. आमच्याकडे ते सोपं होतं कारण रातांब्यात प्रत्येक वेळी काहीतरी उरतंच, रस उरला, बिया उरल्या. तुमच्या विषयात असं काय उरतं ते शोधा, आणि काहीच उरत नसेल तर बहुतेक ती सिरीज नाहीये, चार सुट्या पोस्ट आहेत, तशाच टाका.

तारीख मात्र स्लाइडवर कधी लिहू नका. पहिल्या सिरीजला मी शेवटच्या स्लाइडवर ठोकून दिलं 'परवा सोलं वाळलेली दाखवते' आणि मे अखेरचा पाऊस आला, सोलांना बुरशी, फोटो काय काढणार. काकी म्हणाली, "तुका पावसान सांगल्यान काय येवचंय नाय म्हणान?" पोस्ट टाकल्यावर स्लाइडचा फोटो बदलता येत नाही, त्यामुळे ते 'परवा' तीन आठवडे तसंच लोंबकळत राहिलं. कॅप्शन मात्र नंतर बदलता येतं, म्हणून तारीख द्यायचीच तर तिथे द्या. आणि आता मी सगळ्या भागांचे फोटो हातात आल्याशिवाय पहिला भाग टाकतच नाही.

रस्ता दाखवायचं म्हणाल तर कॅप्शनमधली लिंक दाबली जात नाही, ती टाकून उपयोग नाही. भाग २ टाकला की लगेच भाग १ च्या कॅप्शनची पहिली ओळ बदलून 'पुढचा भाग पेजवर, जांभळ्या पट्टीचं कव्हर' असं करायचं. चारही कव्हरना तीच जांभळी पट्टी, म्हणजे पेज उघडलं की डोळ्याला सापडतात. पिन फक्त तीन पोस्ट होतात, म्हणून मी भाग १ च पिन करते आणि चारही भाग स्टोरीला शेअर करून एका हायलाइटमध्ये ठेवते, तिथून दाबलं की थेट पोस्ट उघडते.

सगळ्याचा एकत्र रिकॅप फक्त शेवटच्या भागाच्या शेवटच्या स्लाइडवर, साल, रस, बी, कशाचं काय होतं एवढंच चित्र. आमच्याकडे सेव्ह त्याच भागाला सगळ्यात जास्त आले.

जोडणी जमली का ते कसं कळतं? भाग २ टाकल्याच्या दिवशी भाग १ ला नवीन लाइक येतायत का बघा, येत असतील तर लोक मागे जातायत म्हणजे रिकॅपने काम केलं. खाली 'हा रस कुठून आला?' अशी कमेंट दिसली तर रिकॅपमध्ये भांडं दाखवायचं राहिलंय, ते कॅप्शनमध्ये त्याच दिवशी घाला. आणि कमेंट 'बियांचं काय करता?' अशी असेल, तीही तुम्ही बियांबद्दल बोलायच्या आधी, तर भाग ४ आधी टाकायला हरकत नाही, मी टाकलाय एकदा, फक्त दोन्हीकडच्या जोडणीच्या स्लाइड पुन्हा लिहाव्या लागल्या.