गोळी घेता, पण कशी घेता?

"साखरेची नवीन गोळी सुरू झाल्यापासून दिवसभर मळमळतं. अन्न समोर आलं तरी नको वाटतं, दोन घासांत पोट भरतं. मला ही गोळी सोसत नाहीये का? बंद करून टाकू का?"

औषधं देताना हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय, की चिठ्ठीवर मेटफॉर्मिन दिसलं की तो येणार हे आधीच कळतं. विचारणाऱ्या ताई पन्नाशीच्या होत्या. चिठ्ठीवर होतं : मेटफॉर्मिन एसआर १००० मिलीग्रॅम, रात्रीच्या जेवणाबरोबर एक.

"रोज घेता ना?" असं विचारलं असतं तर "हो" एवढंच उत्तर आलं असतं. माझा भर नेहमी दुसऱ्या प्रश्नावर असतो. मी म्हटलं, "ताई, गोळी कशी घेता ते जरा करून दाखवा."

त्यांनी हातानेच दाखवलं. चमच्याच्या पाठीने गोळी दाबून फोडायची, भुगा अर्ध्या पेल्यात ढवळायचा आणि एका दमात पिऊन टाकायचा.

"एवढी मोठी गोळी घशात अडकते हो," त्या म्हणाल्या.

"आणि जेवणाच्या आधी की नंतर?"

"जेवण जातंच कुठे आता? पण गोळी चुकायला नको म्हणून ती घेते."

गाठ इथेच होती. एसआर म्हणजे औषध सावकाश सोडणारी गोळी. ती अख्खी गिळली तर आतलं औषध काही तासांत थोडं थोडं बाहेर पडतं. कुटली की ही रचनाच मोडते आणि सगळं औषध एकदम मोकळं होतं, तेही रिकाम्या पोटात. मेटफॉर्मिन रक्तापेक्षा आतड्याच्या भिंतीत कितीतरी पटींनी जास्त साठतं, म्हणून त्याचा पहिला त्रास पोटालाच होतो : मळमळ, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव, भूक मंदावणं. ताईंचं मग चक्रच झालं होतं. मळमळतं म्हणून जेवण नाही, जेवण नाही म्हणून गोळी उपाशीपोटी, आणि त्यामुळे मळमळ आणखी जास्त.

हे सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पोटात काही बिघडलेलं नाही?" त्यांची खरी भीती ही होती, आणि ती बाहेर आल्यावरच पुढचं बोलणं त्यांच्या कानात शिरलं. माझा अनुभव असा, की माणूस औषध बंद करतो तो बहुतेक वेळा त्रासापेक्षा त्या त्रासाच्या न कळणाऱ्या कारणाला घाबरून.

डोस ठरवणं माझं काम नाही. मी एका कागदावर लिहून दिलं : "एसआर गोळी कुटून, न जेवता घेतली जात आहे; गिळायला त्रास होतो," आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. त्यांनी एसआर थांबवून साधी ५०० मिलीग्रॅमची गोळी दिली, जी मोडून घेतली तरी चालते. सुरुवातीला दिवसातून एकदाच, नंतर हळूहळू वाढवायची. मी त्यात एवढीच भर घातली, की गोळी जेवणाच्या मध्यावर घ्या : निम्मं जेवण आधी, निम्मं नंतर. ताट छोटं असलं तरी चालेल, रिकामं नको.

पोटाचा हा त्रास बहुतेकांना पहिल्या काही आठवड्यांतच होतो आणि मग ओसरतो. गोळी नीट घेऊनही तो टिकला, तर डॉक्टरांना सांगून औषध किंवा डोस बदलून घ्यावा. दात आवळून सहन करत बसण्यात काही अर्थ नाही. सोबत साखरेची दुसरी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवण जात नसेल, तर साखर फार उतरू शकते, म्हणून ते त्याच दिवशी कळवावं. सारख्या उलट्या किंवा जुलाब होऊन पाणीही पोटात ठरत नसेल, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोलायचंच. मेटफॉर्मिन मूत्रपिंडांतून बाहेर पडतं; शरीर कोरडं पडलं की ते साचू लागतं. श्वास जोरजोरात चालणं, खूप गुंगी, पोटात तीव्र दुखणं, स्नायूंत गोळे येणं, यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठायचं.

ताई पुढच्या पाकिटासाठी आल्या तेव्हा दोन्ही वेळचं जेवण सुरू झालं होतं. डोस वाढवल्यावर मात्र त्या पुन्हा काळजीत होत्या : "परत मळमळतंय, तेच सुरू झालं का?" डोस वाढला की काही दिवस असं होऊ शकतं, असं मी सांगितलं आणि पुन्हा एकदा विचारलं, "गोळी कधी घेतली?" "जेवणाच्या मध्यावर," त्या लगेच म्हणाल्या. मग मी त्यांना आठवडाभर थांबून बघायला सांगितलं.