चुकीच्या गुणपत्रिकेचं पत्र लिहिताना

तुझा मसुदा वाचला. ‘माझ्या गुणपत्रिकेत चूक आहे, कृपया दुरुस्त करावी’ एवढ्यावर प्राचार्य काहीच करू शकत नाहीत. चूक नेमक्या कोणत्या रकान्यात आहे, ते त्यांना पहिल्या परिच्छेदातच दिसलं पाहिजे.

तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. अर्थशास्त्रात लेखी ५४, अंतर्गत १८ आणि बेरीज मात्र ६२ छापली आहे. ती ७२ हवी. आता खालची एकूण बेरीज बघ. तिथे ४१२ आहे, आणि सगळे विषय मिळून ४१२ तेव्हाच होतात, जेव्हा अर्थशास्त्राचे ७२ धरतो. म्हणजे चूक त्या एकाच रकान्याच्या छपाईत आहे. हा तुझा सर्वांत भक्कम पुरावा आहे, तो असा लिही:

‘अर्थशास्त्र विषयात लेखी ५४ व अंतर्गत १८ गुण असून बेरीज ७२ ऐवजी ६२ छापली आहे. एकूण ४१२ ही बेरीज ७२ धरूनच जुळते. तरी सुधारित गुणपत्रिका मिळावी, ही विनंती.’

विषयाच्या ओळीत आसन क्रमांक, परीक्षेचा महिना आणि वर्ष हवं. फोटोत आसन क्रमांकाचा शेवटचा आकडा ३ की ८, ते कळत नाही. तो मूळ कागदावरूनच घे. अंदाजाने लिहिलास तर अर्ज दुसऱ्याच्याच नोंदीला जोडला जाईल.

सोबत फोटोची स्पष्ट प्रत जोड. मूळ गुणपत्रिकेवर पेनाने खूण करू नकोस, आणि ती मागितली तर पोच घेऊनच दे.