ऑफिसचा मेल आणि घरचा मेल एकाच कॉम्प्युटरवर: क्रोमची दोन प्रोफाइल

प्रश्न: एकच कॉम्प्युटर आहे, त्यावर ऑफिसचं जीमेल आणि माझं स्वतःचं जीमेल दोन्ही दिवसभर उघडं ठेवायचं आहे. सारखं लॉगआउट-लॉगिन करून कंटाळलो. काय करू?

भाऊ, क्रोममध्ये दोन वेगळी प्रोफाइल बनवा. जीमेलच्या पानावर उजव्या कोपऱ्यात जो गोल फोटो दिसतो त्यावर क्लिक करून दुसरं अकाउंट जोडता येतं, पण ते नका करू. मी दीड वर्ष तेच केलं आणि त्याचं नुकसान पाहिलं म्हणून सांगतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस सांभाळतो. एक कॉम्प्युटर, बिलं त्याच्यावरच, मेल त्याच्यावरच आणि माझा स्वतःचा मेलही त्याच्यावरच. नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं 40 क्विंटल तूरडाळीचा भाव मागितला होता, मी कोटेशन पाठवलं, पण समोर जो टॅब होता तो घरच्या अकाउंटचा होता. त्यानं उत्तर साहजिकच त्याच पत्त्यावर दिलं, आणि मी तेव्हा मावशीकडे लग्नाला. ऑफिसातले दादा तीन दिवस ऑफिसचा मेल उघडून पाहत होते, तिथं काहीच नाही. तोवर त्यानं माल दुसरीकडून घेतला. दहा-बारा शेतकऱ्यांच्या तुरीचा प्रश्न होता तो, मले अजून वाईट वाटते.

हे काहून होते ते समजून घ्या. एकाच विंडोत दोन अकाउंट असली की जीमेल त्यांना नंबर देते, वर अॅड्रेसमध्ये `mail.google.com/mail/u/0/` आणि `mail.google.com/mail/u/1/` असं दिसेल. जे अकाउंट आधी लॉगिन केलं ते 0, दुसरं 1. 0 वालं अकाउंट डिफॉल्ट, म्हणून कोणी गूगल फॉर्म किंवा ड्राइव्हची लिंक पाठवली की बहुतेक वेळा ती त्याच अकाउंटनं उघडते आणि मंग फाइल दिसत नाही, परवानगी मागा असं येतं. आणि एकदा लॉगआउट केलं की त्या विंडोतली दोन्ही अकाउंट एकदम बाहेर पडतात, परत लॉगिन करताना क्रम उलटा झाला की कालचा 1 आजचा 0 होतो. तुम्ही `u/1` चा बुकमार्क करून ठेवला असेल तर तो आता दुसराच मेलबॉक्स उघडणार. दोन्ही इनबॉक्स दिसायला सारखेच, घाईत लक्षात येत नाही.

प्रोफाइल म्हणजे वेगळं. क्रोमच्या अॅड्रेस पट्टीच्या उजवीकडे, तीन टिंबांच्या बाजूला, आणखी एक छोटा गोल असतो, तो क्रोमचा. जीमेलचा गोल पानाच्या आत, हा पानाच्या बाहेर वरच्या पट्टीत, इथंच बरेच लोक चुकतात. त्याच्यावर क्लिक करा, खाली नवं प्रोफाइल जोडायचा पर्याय येतो (Add पासून सुरू होणारा), तिथून ऑफिसचं अकाउंट टाकून लॉगिन करा आणि नाव द्या. कंपनीनं स्वतःच्या डोमेनवर मेल दिला असेल तर कधीकधी असा मेसेज येतो की हे प्रोफाइल तुमची संस्था सांभाळणार. तो वाचून घ्या, कारण मग त्या प्रोफाइलच्या सेटिंगवर कंपनीचा ताबा राहू शकतो, म्हणूनही घरचं त्यात काही ठेवू नये.

आता रंग निवडा, हे लहान काम वाटते पण सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच ठरलं. माझी ऑफिसची विंडो हिरवी, घरची संत्र्यासारखी केशरी. वरची पट्टीच रंगीत होते, त्यामुळे मेल लिहायच्या आधी नजर आपोआप तिकडे जाते. रंग नंतर बदलायचा असेल तर `chrome://settings/manageProfile` अॅड्रेसमध्ये टाका, तिथंच खाली डेस्कटॉपवर शॉर्टकट बनवायचं बटण आहे, ते दोन्ही प्रोफाइलमध्ये चालू करा. मंग डेस्कटॉपवर दोन चिन्हं, दोन्ही उघडा, एक डावीकडे एक उजवीकडे, कुकीज वेगळ्या, पासवर्ड वेगळे, हिस्ट्री वेगळी, लॉगआउटची भानगड संपली.

दोन गोष्टी मात्र यानंतरही फसवतात. पहिली म्हणजे बाहेरून आलेली लिंक. कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सअॅपमध्ये किंवा वर्डमध्ये लिंकवर क्लिक केलं की ती शेवटी वापरलेल्या क्रोम विंडोत उघडते, तुम्हाला कोणती पाहिजे ते त्याला काय माहीत. म्हणून आधी हव्या त्या विंडोत एकदा क्लिक करा, मग लिंक उघडा. आणि लिंक मेलमध्येच असेल, तर तिच्यावर राइट क्लिक केल्यावर `Open link as` असा पर्याय मिळतो, त्यातून दुसरं प्रोफाइल निवडता येते.

दुसरी गोष्ट डाउनलोडची, आणि ही जास्त धोक्याची आहे. प्रोफाइल वेगळी केली तरी फाइली दोन्हीकडून एकाच Downloads फोल्डरमध्ये पडतात. माझ्या पीककर्जाचं स्टेटमेंट आणि कंपनीचं स्टेटमेंट दोन्ही एकाखाली एक, नावंही जवळपास सारखी, नुसतं शेवटी (1) लागलेलं. अटॅच करताना चुकीची फाइल निवडायला एक सेकंद लागतो. त्यासाठी ऑफिसच्या प्रोफाइलमध्ये `chrome://settings/downloads` उघडा, Location समोर Change दाबा आणि वेगळं फोल्डर द्या, मी D ड्राइव्हवर ऑफिस नावाचं केलं. हे सेटिंग त्या प्रोफाइलपुरतंच राहते, घरच्याला धक्का लागत नाही. शिवाय दोन्ही जीमेलच्या सेटिंगमध्ये Undo Send असते, ते 5 सेकंदांवर असते, 30 करून घ्या. चूक लक्षात येते ती पाठवल्यावरच, तेव्हा ते 30 सेकंद कामी येतात.

कॉम्प्युटर जुना असला, 4 जीबी रॅमचा वगैरे, तर दोन प्रोफाइल जड जातात कारण प्रत्येकाचे टॅब आणि एक्स्टेंशन वेगळे चालतात. ऑफिसच्या प्रोफाइलमध्ये एकही एक्स्टेंशन टाकू नका, आणि `chrome://settings/performance` मध्ये Memory Saver चालू करा, न वापरलेले टॅब तो झोपवतो. पण एक त्रास होतो, जीमेलचा टॅब झोपला की नवीन मेलची सूचना येत नाही, म्हणून तिथंच `mail.google.com` अपवादात टाकून द्या, दोन्ही प्रोफाइलमध्ये.

शेवटचं, प्रोफाइलला कुलूप नसते. तुमच्या खुर्चीवर जो कोणी बसेल तो त्या छोट्या गोलावरून तुमचा घरचा मेल एका क्लिकमध्ये उघडू शकतो. आमच्याकडे दादाही तोच कॉम्प्युटर वापरतात, म्हणून त्यांच्यासाठी विंडोजमध्येच वेगळं युजर अकाउंट केलं, त्यांचा पासवर्ड वेगळा, माझा वेगळा. ऑफिसचा मेल मात्र दोघांच्याही युजरमध्ये उघडा असतो, आता मी लग्नाला गेलो तरी मालाच्या भावाची चौकशी त्यांना तिथंच दिसते. आणि मी चहाला उठताना `Win + L` दाबून जातो.